नानाकाकांच्या फाइलमधले दोन कागद

पुणे, रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता आलं नसतं. बाबा, तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणून विषय बदलला असता आणि आई, तू डोळे पुसत फोन त्यांच्या हातात दिला असतास. म्हणून लिहून पाठवतोय. दोघांनी एकत्र बसून वाचा, शक्यतो दुपारी. झोपण्याआधी नको.

नानाकाकांच्या तेराव्याला मी तुम्हाला सगळं सांगितलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि विनयदादा-सुनीताताई एकमेकांकडे बघतही नव्हते, हे तुम्ही पाहिलंच. लोकांना वाटलं जमिनीवरून बिनसलं. तसं नव्हतं. भांडण एका सहीवरून होतं.

काकांना मेंदूत रक्तस्राव झाला त्या रात्री काही प्रश्न आला नाही. बेशुद्ध माणूस, जीव धोक्यात. अशा वेळी डॉक्टरांना कुणाच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. विनयदादा जवळ होता, त्याने पुढे केलेल्या कागदांवर सह्या केल्या, ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटर लागला. पहिले आठ-दहा दिवस सगळे एका बाजूला होते. मग काका डोळे उघडेनात, चिमटा काढला तरी हात जेमतेम हलायचा, आणि मूत्रपिंडंही हळू पडायला लागली.

तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी फार दिवस ठेवत नाहीत. दोनेक आठवड्यांच्या आसपास डॉक्टर म्हणतात, आता गळ्याला छिद्र करून तिथून नळी टाकू. ही छोटी शस्त्रक्रिया आहे, पण तिच्यासाठी सही लागते, कारण ती काही त्याच मिनिटाला करायची नसते. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की छिद्र करावं लागेल, डायलिसिसही सुरू करावं लागेल, आणि यातून शुद्ध येईल असं आम्हाला वाटत नाही.

सुनीताताई त्या वेळी एकटी होती. तिने फॉर्मवर "नकार" लिहिलं, खाली सही केली, "रुग्णाशी नाते" या ओळीपुढे "मुलगी" लिहिलं. दोन तासांनी विनयदादा ऑफिसातून आला. त्याने दुसरा फॉर्म मागून घेतला, "संमती"वर खूण केली आणि नात्यापुढे लिहिलं "मुलगा". दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक. मी ते डोळ्यांनी पाहिले, कारण त्या दिवशी फाइल घेऊन बिलाच्या खिडकीवर मीच उभा होतो. ह्यूस्टनहून धाकट्याचा फोन चालूच होता: "मी पोचेपर्यंत कुणीही काहीही बंद करायचं नाही."

मला तोवर वाटायचं, कायद्यात काहीतरी क्रम असेलच. आधी बायको, मग मोठा मुलगा, मग बाकीचे. वारसाहक्काला असतो तसा. तसा क्रम नाही. बेशुद्ध माणसाच्या उपचारांबद्दल कोणत्या नातेवाईकाचा शब्द वरचढ, हे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. थोरला म्हणून विनयदादाला जास्त अधिकार नव्हता, बिल भरतो म्हणूनही नव्हता. रुग्णालय जो समोर असेल त्याची सही घेतं. सगळे एका सुरात बोलतात तोवर ते चालून जातं. सूर बिघडला की डॉक्टर तेच म्हणतात जे आम्हाला म्हणाले: "तुम्ही घरच्यांनी आधी एकमत करून या. तोवर जे चालू आहे ते चालू राहील."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आम्ही काहीच ठरवत नव्हतो तेव्हाही रोज एक गोष्ट ठरत होती, यंत्र चालू ठेवायचं ही. काका तेविसाव्या दिवशी पहाटे जंतुसंसर्गाने गेले. गळ्याला छिद्र झालं नाही, डायलिसिस दोनदा झालं. यातलं कुठलंही कुणी विचार करून निवडलेलं नव्हतं.

पुढचा रस्ता काय होता, हे मी नंतर एका वकील मित्राकडून समजून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात आणि मग जानेवारी २०२३ मध्ये त्यात सुटसुटीत बदल करून पद्धत घालून दिली आहे. बरा न होणारा आजार असेल आणि रुग्णाने काही लिहून ठेवलेलं नसेल, तर उपचार थांबवण्यासाठी रुग्णालय आधी तीन डॉक्टरांचं मंडळ नेमतं. त्यात एक उपचार करणारा आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन असतात. त्यांचं मत झालं आणि जवळच्या नातेवाईकांनी लेखी संमती दिली की दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत सांगायचं आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळाने नाही म्हटलं तर उच्च न्यायालयात जाता येतं. पण या सगळ्यात एक जागा घरच्यांच्या संमतीची आहे. आमच्याकडे ती जागाच फाटलेली होती, त्यामुळे गाडी पहिल्या मंडळापर्यंतही गेली नाही. एखाद्याला रुग्णाचा पालक नेमून द्या म्हणून उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, पण काका अतिदक्षता विभागात असताना भावंडांनी एकमेकांविरुद्ध वकील लावायचे, ही कल्पना करून पाहा.

"जवळचा" म्हणजे कोण, हा प्रश्न तर मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. केईएममधल्या अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. १९७३ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या तिथेच होत्या. आई-वडील गेलेले, नातलग फिरकत नव्हते. त्यांना भरवणं थांबवावं म्हणून एका पत्रकार लेखिकेने अर्ज केला, तेव्हा २०११ मध्ये न्यायालय म्हणालं की अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क अर्जदाराचा नाही, इतकी वर्षं त्यांना अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. रक्ताचं नातं आणि रोजची माया यांत न्यायालयाने माया धरली. मला ते पटतं. पण आमच्यासारख्या घरात दोन्ही बाजूंना मायाच असते, तिथे त्या निकालाने काही सुटत नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. त्या सगळ्या दिवसांत काकूंना कुणी काही विचारलंच नाही. त्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर थर्मास मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. डॉक्टर बाहेर आले की मुलांशी बोलायचे, मुलं आपापसांत भांडायची आणि त्या चहा ओतायच्या. विसाव्या दिवशी मी सहज विचारलं, "काकू, काका याबद्दल कधी काही बोलले होते का?" त्यांनी थर्मासचं झाकण फिरवत सांगितलं, "बोलले होते की. त्यांच्या आईला नळीने भरवायचो ना आम्ही दीड वर्ष, तेव्हा म्हणाले होते, माझं असं करायचं नाही." मग म्हणाल्या, "पण मला कुणी विचारलं नाही, आणि मुलांच्या मध्ये मी कशी बोलू?"

विनयदादा आणि सुनीताताई दोघंही "मला काय वाटतं" यावर भांडत होते. काकांना काय हवं होतं, हे माहीत असलेलं माणूस दहा फुटांवर बसलेलं होतं.

म्हणून बाबा, शनिवारी येतोय तेव्हा एक काम करायचं आहे. कपाटातली ती निळी फाइल काढू नका. फ्लॅटचं जे मुखत्यारपत्र तुम्ही माझ्या नावाने केलंत, त्याचा इथे उपयोग नाही. ते व्यवहारासाठी आहे, आणि देणाऱ्याची समजच गेली की साधं मुखत्यारपत्र आपोआप संपतं. आपल्याला करायचं आहे ते वैद्यकीय इच्छापत्र. स्वतःला बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत आणि तुमच्या वतीने कुणी बोलायचं, हे तुम्ही लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची (जोशीकाका आणि डॉक्टरीणबाई चालतील, घरचे नसलेले बरे), आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, २०२३ पासून ती अट गेली. एक प्रत नाव घातलेल्या माणसाकडे, एक आपल्या डॉक्टरांकडे, एक पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मत बदललं तर पुन्हा लेखी देऊन रद्द करता येतं, तेव्हा "आता एकदा लिहिलं की संपलं" असं समजू नका.

एक मर्यादाही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मुलाने अर्धंच सांगितलं. हा कागद लागू होतो तो बरं होण्याची आशा नाही असं डॉक्टरांच्या मंडळांनी सांगितल्यावर. साधा न्यूमोनिया झाला, पडून खुब्याचं हाड मोडलं, तर तो कुणी तुमच्याविरुद्ध वापरणार नाही. पण काकांच्या बाराव्या दिवसासारख्या अधल्यामधल्या वेळी तो फाइलमध्ये असेल तर निदान डॉक्टरांना कळेल की कुणाशी बोलायचं.

नाव कुणाचं, हे तुम्ही ठरवा. दोघांची नावं घालता येतात, पण मग दोघांची संमती लागणार, म्हणजे आपण विनयदादा-सुनीताताईंकडे परत आलो. माझं मत विचाराल तर बाबांनी पहिलं नाव आईचं घालावं आणि आईने बाबांचं. दुसरं नाव, तुमच्यातलं एकच कुणी उरलं तर, ताईचं घाला. ती टोरंटोला आहे हे खरं, पण तिचं डोकं अशा वेळी जागेवर असतं. मी जवळ आहे आणि मला माझी ओळख आहे. मी त्या दारात उभा राहून म्हणेन, सगळं करा, काय वाटेल ते करा. विनयदादाने केलेली दुसरी सही मीच केली असती. हे मी ताईशी बोललो आहे. ती रडली, मग हो म्हणाली.

आई, तुला वेगळं विचारतो, कारण बाबांसमोर तू "ते म्हणतील तसं" म्हणशील. आजीला नळीने भरवायचे ते दिवस तूही पाहिलेस. तुझं त्याबद्दल काय आहे ते तू तुझ्या वेगळ्या कागदावर लिही. शनिवारपर्यंत मला दाखवलं नाहीस तरी चालेल, पण बाबांना दाखव.

नोटरीची वेळ सकाळी अकराची घेतली आहे. आधार कार्डं काढून ठेवा.

तुमचा,
संजू