दोन वर्षांत पैसे वसूल? आधी नागपूरचे दिवस मोज

नागपूर,
१० नोव्हेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बेसा येथील घराच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवावा की बाथरूममधला गिझरच पुरे, असे तू विचारले आहेस, आणि दुकानदाराने दोन वर्षांत पैसे वसूल होतील असे सांगितल्याचेही लिहिले आहेस. हाच हिशेब मी गेल्या हिवाळ्यात माझ्यासाठी करून पाहिला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गिझर घेऊ. आमचा गिझर १५ लिटरचा आणि २००० वॉटचा आहे. जानेवारीतल्या एका सकाळी मी घड्याळ लावून बसलो, तेव्हा त्याचा लाल दिवा विझायला २० मिनिटे लागली. म्हणजे एका टाकीला साधारण दोन तृतीयांश युनिट. चौघांच्या आंघोळीला टाकी चार वेळा तापते. थोडी उष्णता वाया जाते तीही धरली, तर दिवसाला ३ युनिट होतात. दुकानदार याच ३ युनिटांना ३६५ ने गुणतो आणि तेथेच फसवणूक होते. तो खोटे बोलत नाही, पण त्याचे गणित नागपूरचे नाही. एप्रिल ते जून आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणीच इतके तापते की सकाळी बादली भरून गार होऊ द्यावी लागते. त्या ९१ दिवसांत गिझरचे बटण कोणी दाबत नाही, म्हणून सोलरही काही वाचवीत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे १२० दिवस ३ युनिटांप्रमाणे ३६० युनिट होतात. जुलै ते ऑक्टोबर आणि मार्च मिळून १५४ दिवस. तेव्हा नळाचे पाणी फारसे गार नसल्याने रोज १.८ युनिट पुरतात, म्हणजे सुमारे २७७. वर्षाला एकूण ६३७ युनिट. आमचा वापर महिन्याला १०० युनिटांच्या वर असल्यामुळे वाचणारे युनिट वरच्या, महाग स्लॅबमधून कमी होते. वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क धरून मी ते १३ रुपयांचे मानले. गिझरचा वार्षिक खर्च असा जवळपास ८,३०० रुपये.

सोलर हे सगळे वाचवीत नाही. हिवाळ्यात ढगाळ दिवस सोडून ११० दिवस तो पूर्ण काम करील. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये रोज, जुलै ते सप्टेंबर मात्र निम्मेच दिवस, आणि बाकी दिवशी गिझर लावावाच लागेल. त्यामुळे गिझर काढून टाकण्याचा विचार करू नकोस. असे वर्षाला ५२४ युनिट, म्हणजे ६,८०० रुपये वाचतात. देखभालीला ५०० रुपये वजा केले तर ६,३०० उरतात. मला १०० लिटरच्या, काचेच्या नळ्यांच्या हीटरचा भाव पाइप आणि मजुरीसह ३०,००० सांगितला होता. म्हणजे वसुलीला पावणेपाच वर्षे लागतात. दुकानदाराच्या गणिताने वर्षाला १४,००० वाचतात, म्हणून त्याला दोनच वर्षे दिसतात. उलट एखाद्या घराचा वापर महिन्याला १०० युनिटांच्या आत असेल आणि त्याला युनिट ६ रुपयांना पडत असेल, तर हाच हीटर ११ वर्षे घेईल. अशा घराला मी तो घेऊ नका असेच सांगीन.

गच्चीपासून बाथरूमपर्यंतच्या पाइपाचा विचार कोणी करीत नाही. पाऊण इंची पाइपात मीटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी असते. १५ मीटर अंतर असेल तर गरम पाणी येण्याआधी साडेचार लिटर गार पाणी सोडावे लागते. शेजारच्या काकू ते पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरतात. अर्ध्या इंचाचा पाइप घेतला तर हे पाणी निम्म्यावर येते. तुझ्या भिंतींत अजून टाइल्स बसलेल्या नाहीत, तेव्हा ही वेगळी लाइन आवरण घालून आताच टाकून घे.

मे महिन्यात दुसरी अडचण येते. पाणी वापरले जात नाही, टाकीतले पाणी उकळू लागते, आणि बोअरचे जड पाणी असेल तर नळ्यांत पांढरा थर साचतो. नळ्यांवर हिरवी नेट टाकून ठेवावी. पाणीपुरवठा बंद राहून टाकी रिकामी झाली असेल, तर भर दुपारी कॉक उघडू नये. तापलेल्या काचेवर गार पाणी पडताच नळी तडकते. सूर्य मावळून नळ्या थंड झाल्या की भरावी.

तुझ्या गेल्या डिसेंबरच्या बिलावरचे युनिट आणि गच्चीपासून बाथरूमचे अंतर कळव, म्हणजे तुझ्या घराचाच आकडा काढून पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
शेखर