रबर बँडवाल्या मैत्रिणीला

अगं,

नाव लिहिलं तर तू आठवडाभर बोलणार नाहीस माझ्याशी, म्हणून लिहीत नाही. जळगावच्या आपल्या वाचनवाल्या ग्रुपला कळेलच.

मी आले तेव्हा तुमचं 'कोसला' निम्मं झालं होतं. आमच्याकडे केळीची कापणी चालू, ट्रक कधी येईल कधी जाईल काही नेम नाही, दोन रविवार हुकले. तिसऱ्या रविवारी यायचं म्हटलं तर दीडशे पानं राहिलेली आणि हातात एक संध्याकाळ. मागच्या वेळचा अनुभव तर तुला माहितीये. खुनाची कादंबरी होती, आणि एका सद्गृहस्थांनी मला 'काही सांगत नाही हं, फक्त त्या नोकराकडे लक्ष ठेवा' असं सांगितलं होतं!! झालं. पुढची सगळी पानं मी नोकराकडेच बघत बसले आणि तोच निघाला. वर ते म्हणतात, मी कुठे काय सांगितलं?

तू मात्र आधी मलाच विचारलंस, तुला काय काय माहितीये. मी म्हटलं नेमाडेंचं आहे, १९६३ चं आहे, आणि ते आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, बस. मग तू किराणाच्या बिलाच्या मागे मधोमध रेघ मारलीस. डावीकडे घर, उजवीकडे पुणं. पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे आणि मागचं सांगतोय, हे तू पहिल्यांदा सांगितलंस, कारण ते पहिल्याच ओळीत आहे. डावीकडे वडील, आई, आजी, बहिणी. उजवीकडे कॉलेज, होस्टेल, मेस, सुरेश आणि बाकीची पोरं. रेघेवर लिहिलंस 'पैसे', आणि म्हणालीस बापलेकाचं जे काय आहे ते इथून जातं.

घरी येऊन मला कळलं की तू एकाही माणसाला जास्त वेळ दिला नव्हतास. सगळी एका सुरात, एकेका वाक्यात. हे लक्षात ठेव, ते पुढे लागेल, असं एकदाही नाही. 'बिचारा' नाही, 'बिचारी' नाही. आणि सगळं 'आहे', 'करतो', 'म्हणतो'. कोणाबद्दल चुकून 'होता' निघालं की ऐकणारा लगेच कान टवकारतो, की याचं काहीतरी होणार बाबा. (आता हे वाचून कोसलात कोणाचं काय होतं याचा अंदाज बांधू नका, ती पाककृतीचं पुस्तकसुद्धा असंच सांगेल.) मी मध्येच विचारलं, पास होतो का गं हा? तू म्हणालीस, वाच. मग मी मुद्दाम फालतू विचारलं, होस्टेलवर जेवण बरं असतं का? तरी वाच! तेव्हा राग आला मला. पण आता कळतं, फालतू प्रश्नाला उत्तर दिलं असतंस तर ज्याला दिलं नाहीस तिथेच काहीतरी आहे हे मी ओळखलं असतं.

आणि एक गोष्ट सांगून होणार नाही म्हणालीस, ती म्हणजे तो बोलतो कसा. उदाहरणार्थ, वगैरे, हे तो का घालत राहतो ते मी सांगितलं तर मातीच होईल, म्हणून पहिली काही पानं तूच मोठ्याने वाचून दाखवलीस. मी हसत होते, तू अजिबात हसत नव्हतीस. बाकीचं राहिलेलं नंतर वाच, पण ही पानं ऐकल्याशिवाय रविवारी येऊ नको, असं वर.

पण खरं पत्र ज्यासाठी लिहितेय ते हे. निघताना पुस्तक दिलंस तर मागच्या अर्ध्या पानांना रबर बँड गुंडाळलेला. दुधाच्या पिशवीचा, पिवळा. म्हणालीस, पान शोधताना बोट घसरतं आणि डोळे नको ती ओळ वाचतात. एवढंच. मी एसटीत बसून त्या रबर बँडकडे बघत राहिले. पुस्तक वाचलेली माणसं आपल्याला किती माहितीये हे दाखवायला टपलेली असतात गं. तू सगळं वाचलेलं होतंस, आणि मला ते पहिल्यांदा वाचायला मिळावं म्हणून चाळीस मिनिटं नुसती जीभ चावत बसलीस.

रविवारी मी बोलले, ऐकलंसच. ते सद्गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, आता पुढे बघा काय होतं ते, मी फक्त एवढंच सांगतो... मी उठून चहा आणायला गेले.

गुरुवारी रात्री बँड काढला. वाचून झाल्यावर तुला फोन केला तेव्हा दीड वाजला होता, आणि तू उचललास, आणि बराच वेळ आपण दोघी काही बोललोच नाही.

बँड माझ्याकडेच आहे. परत हवा असेल तर भरीत-भाकरी खायला ये, वांगी आली आहेत.