"तुम्हाला काही विचारायचंय का?"

मनू,

काल फोनवर सहज बोलून गेलीस की इंटरव्ह्यूच्या शेवटी त्यांनी "एनी क्वेश्चन्स?" विचारलं आणि तू "नो सर" म्हणून उठलीस. अगं, मी टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलोय, "नो सर" ऐकलं की आम्हाला वाटायचं हिला ही नोकरी हवीय की कुठलीही चालेल.

पुढच्या राऊंडला मॅनेजर असेल ना, त्याला आधी हे विचार, "ही पोस्ट नवीन आहे की कुणाच्या जागी?" एचआरला नको, त्यांच्याकडे बऱ्याचदा गुळगुळीत उत्तर असतं. आणि "आधीचा का सोडून गेला" असं तर अजिबात नको, उलटतपासणी वाटते. कुणाच्या जागी म्हणाले तर पुढे विचार की आधीचे आता कुठे आहेत आणि इथे किती दिवस होते. याच कंपनीत वरच्या पोस्टवर गेले असतील तर मॅनेजर खुशीत सांगतो, विचारावंही लागत नाही. "मूव्ह ऑन झाले" म्हणून लगेच विषय बदलला तर कान टवकार. पोस्ट नवीन असेल तर मग हे काम आत्ता कोण करतंय ते विचार, कुणीच करत नसेल तर नक्की काय करायचं हे त्यांचंही ठरलेलं नसण्याची शक्यता जास्त.

मी स्वतः फसलोय म्हणून सांगतोय. दुसऱ्या नोकरीच्या वेळी मला "मूव्ह ऑन" ऐकवलं आणि मी किती दिवस होते ते विचारलंच नाही. पहिल्या दिवशी ड्रॉवर उघडला तर आत हँडओव्हरची एकच वही, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, आणि तिसऱ्याच्या तर जेमतेम चार पानांच्या नोंदी. मीही वर्षभरात निघालो, पाचवं अक्षर कुणाचं लागलं देव जाणे.

दुसरा प्रश्न, "सहा महिन्यांनी तुम्हाला वाटलं की हिला घेतलं ते बरं झालं, तर तोपर्यंत मी काय केलेलं असेल?" याचं उत्तर नीट ऐक. "महिन्याचा रिपोर्ट दहा तारखेला निघतो तो पाचला निघायला हवा" असं काहीतरी म्हणाला तर त्याला माणूस कशासाठी हवाय ते माहितीय, आणि तुझ्यासाठीही सोपं, तसलं काम आधी केलं असशील तर तिथल्या तिथे दोन वाक्यांत सांगून टाक. "सगळंच बघावं लागेल, आम्ही फॅमिलीसारखे आहोत" असं आलं तर समज, कामाला हद्द नाही.

अर्थात एका उत्तरावरून निकाल लावू नकोस, माणूस दमलेला असतो, कधी त्याला खरंच बोलायची परवानगी नसते. म्हणून पोस्टचा प्रश्न दोन राऊंडला दोन वेगळ्या लोकांना विचार, उत्तरं जुळली नाहीत की काय ते कळतं. पगार, सुट्ट्या ऑफरच्या वेळी एचआरशी बोल. वेबसाईटवर असलेलं तर विचारूच नकोस, तयारी नाही हे लगेच दिसतं.

गुरुवारी बाहेर पडलीस की आधी मला फोन कर. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांग, "चांगलं झालं बाबा" नको.

बाबा