लोणच्याची बरणी आणि पिवळं फुलपाखरू

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

काल तुमच्या एरंडवण्याच्या घरी जाऊन आलो. झाडांना पाणी घातलं. फ्रीज रिकामा करून बंद करावा म्हणून उघडला, तर समोर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली बरणी: 'लिंबू, कमी तिखट'. हात लावायचं धाडस झालं नाही. फ्रीज चालूच ठेवला आणि कुलूप लावून निघालो.

काकूंच्या दहाव्यानंतर तू म्हणाला होतास, रात्री डोळा लागत नाही, काहीतरी बघायला सुचव, पण पार खचवणारं नको. बाबा गेले तेव्हा लोकांनी सुचवलेले दोन चित्रपट मी अर्ध्यावर बंद केले होते. हॉस्पिटलची खाट, मॉनिटरची टिकटिक, त्यावर व्हायोलिन. ते सगळं नुकतंच डोळ्यांनी बघून आलो होतो, पुन्हा कशाला बघायचं? मला ज्याने आधार दिला त्या चित्रपटात मरण आधीच होऊन गेलंय. उरलेत ते घरातले लोक आणि त्यांचा स्वयंपाक.

कोरेएडा या जपानी दिग्दर्शकाचा 'स्टिल वॉकिंग', 2008 सालचा. त्याची स्वतःची आई गेल्यानंतर त्याने हा केला. सुरुवातच आई आणि मुलगी मुळा-गाजर खरवडत बसल्यात तिथून होते. थोरला मुलगा जुनपेई एका बुडणाऱ्या पोराला वाचवताना समुद्रात गेला, त्याला वर्षं लोटली. त्याच्या वर्षश्राद्धाला सगळे जमतात, एवढीच गोष्ट. मक्याचे दाणे अंगठ्याने सोलले जातात, पिठात घोळून तेलात सुटतात, तडतडतात आणि मुलं स्वयंपाकघराकडे धावत येतात. कोणी गळ्यात पडून रडत नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्या तेलाच्या आवाजानेच रडू आलं. छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

एक प्रसंग आधीच सांगून ठेवतो. जुनपेईने वाचवलेला मुलगा आता मोठा झालाय. दरवर्षी त्याला बोलावतात. तो घामाघूम होऊन अवघडून बसतो. धाकटा मुलगा र्योता आईला म्हणतो, आता पुरे, बिचाऱ्याला त्रास होतो. आई विणत बसलेली असते. मान वर न करता म्हणते, म्हणूनच तर बोलावते. इतकी मायाळू बाई, आणि तिच्या पोटात हे असं आहे. चित्रपट तिला दोष देत नाही. तू त्या डॉक्टरांवर, मामांवर, स्वतःवर चिडतोयस ना? त्या बाईकडे बघ. त्याच रात्री घरात पिवळं फुलपाखरू शिरतं आणि हीच आई 'जुनपेई आला' म्हणून त्याच्यामागे खोलीभर धावते.

तुला सारखं वाटतंय की विमान चार तास आधीचं मिळायला हवं होतं. र्योता आणि त्याची आई एका सुमो पैलवानाचं नाव आठवायचा प्रयत्न करतात, काही केल्या आठवत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन तो बसमध्ये बसतो, बस सुटते, आणि नाव आठवतं. तो बायकोला म्हणतो, माझं नेहमी असंच होतं, थोडासा उशीर. मला वाटतं तुझे चार तास आणि ते नाव यांत फार अंतर नाही. दिग्दर्शकाने तो उशीर कोणाचा गुन्हा म्हणून दाखवलेला नाही, बस पुढे जाते.

शेवटची पाच मिनिटं मात्र जपून. आईला मुलाच्या गाडीतून फिरायचं असतं, ते राहून जातं, आणि तिचं जाणं फक्त एका वाक्यात कळतं. पहिल्यांदा तिथे थांबवलास तरी चालेल, मी तसंच केलं होतं. दुसऱ्यांदा मात्र पुढे जा. थडग्यावर पाणी घालून परतताना र्योता आपल्या मुलीला पिवळ्या फुलपाखराची गोष्ट सांगतो, जी आईने त्याला सांगितलेली असते. कोणाकडून ऐकली, असं पोरगी विचारते.

'डिपार्चर्स' कोणी सुचवला तर थोडे महिने थांब. चांगला आहे, पण त्यात घरच्यांसमोर पार्थिव न्हाऊ घालतात, सजवतात. ते तुझ्या हातांना अजून फार जवळचं आहे. 'साबर बोंडं'ही नंतर. त्यात वडील गेल्यावर गावातले दहा दिवस आहेत, आणि तू आत्ताच दहा दिवसांतून उठलायस.

रात्री एकटा बघू नकोस. जेवण झाल्यावर, दिवा लावून, वहिनी शेजारी असताना बघ. जवळजवळ दोन तासांचा आहे, सबटायटल वाचावी लागतात, त्यामुळे डोकं भलतीकडे भटकत नाही.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा किल्ली घेऊन स्टेशनवर येतो. बरणी तू उघड. तोवर फ्रीज चालू ठेवतो, लाइटबिलाची काळजी करू नकोस.

तुझा,
नंदू