बाळ झोपलं, तरी आई जागीच?

महोदय,
बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारं रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यानंतरही बाळ गाढ झोपलेलं असताना आई छताकडे बघत जागी राहत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. हे नैराश्य ओळखायला वापरतात त्या एडिनबर्ग प्रश्नावलीत गेल्या 7 दिवसांविषयी 10 प्रश्न असतात. उत्तरांच्या गुणांची बेरीज 13 किंवा अधिक आली, तर डॉक्टरांनी नीट तपासायला हवं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 'क्वचित' असं उत्तर आलं, तरी बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी मदत घ्यावी. त्रास सौम्य असेल तर अनेकदा समुपदेशन पुरतं. गोळी लागलीच, तर सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार थोडं उतरतं, त्यामुळे अंगावरचं दूध तोडायला लावण्याची घाई (घरचेच जास्त करतात!) बहुधा अनाठायी असते.

– एक परिचारिका