गच्चीवरच्या खोलीचा हिशोब

नागपूर

प्रिय मित्रा,

मानेवाड्याच्या घरावर आई-बाबांसाठी खोली काढतोय हे वाचून लय बरं वाटलं बे. पण ठेकेदारानं नुसता फुटावर आकडा सांगितला म्हणतोस, त्याला लगेच हो म्हणू नको, आधी आपला हिशोब आपल्या हातात पाहिजे. तू सांगितलेली आतून 12 बाय 10 ची, 10 फूट उंच खोली धरून मी कागदावर मांडलंय.

पहिले भिंत किती जाड ते ठरव, बाकी सगळं त्यावर आहे. एक दरवाजा न् एक खिडकी वजा केली की बीमखाली साधारण 360 चौरस फूट भिंत उरते. ती नऊ इंची केली तर नुसत्या भिंतीचंच वजन 14 टनांच्या आसपास जातं, चार इंचीत ते निम्मं होतं, आणि हे सगळं वजन खालच्या घरावर येणार ना. म्हणून मी चार कोपऱ्यांना कॉलम, वर बीम आणि मधे चार इंची भिंत असंच धरलंय. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत तापेल हे खरं, पण त्यावर बाहेरून शेड करता येते, खालचा बीम मात्र बदलता येत नाही. आणि भिंत खालच्या बीमवरच उभी राहिली पाहिजे, मधेच स्लॅबवर नाही.

आता विटा. चार इंची भिंतीला चौरस फुटाला साडेचारच्या थोड्या वर लागतात, म्हणजे 1640, तुटफूट धरून 1750 मागव. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा सहज मिळतात, त्याच घे, आकार सारखा असतो तर मसाला कमी खातात.

लोकांना वाटतं खोली म्हणजे विटा, पण खरं सिमेंट जातं ते काँक्रीटमधे. स्लॅब साडेचार इंची, बाहेरून साडेतेरा बाय साडेअकरा, त्यात बीम, कॉलम, लिंटेल धरून 115 घनफूट काँक्रीट होतं. एकास दीड-तीनच्या, म्हणजे सिमेंटच्या दीडपट रेती न् तिप्पट गिट्टीच्या मालात त्यालाच 26 पोते सिमेंट, मग प्लास्टर आतबाहेर 13, जुडाई 5, फरशीखाली 5, म्हणजे 49, तू 50 धर. गिट्टी 1 ब्रास, म्हणजे 100 घनफूट. सळई 400 किलो, स्लॅब, बीम, कॉलम न् थोडी कापाकापी धरून. सळई वजनावर घे, आणि तपासायची रीत सोपी आहे, एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की एका मीटरचं किलोत वजन येतं, म्हणजे 12 एमएमची 12 मीटरची सळई पावणेअकरा किलोच्या जवळ भरली पाहिजे, खूपच कमी भरली तर सळई बारीक आहे असं समज.

रेतीत मात्र लोक फसतात. हिशोबात 162 घनफूट येते, पण 2 ब्रास सांग. ओली रेती फुगते, 20-25 टक्के जास्त जागा घेते, त्यामुळे गाडीत ब्रास भरलेला दिसला तरी रेती तेवढी नसते. काचेच्या बरणीत ओली रेती भर, मग पाणी ओतून हलव, किती खाली बसते ते तुला डोळ्यानंच दिसेल. कन्हान नदीची म्हणून देतात, पण मुठीत चोळून पाह्य, हाताला चिखल लागला तर परत पाठव.

आता पैसे. हे भाव मी धरलेले आहेत, तू तुझ्या दुकानात विचारून बदल. वीट 7 रुपये, सिमेंट पोत्याला 380, रेती ब्रासला 7000, गिट्टी ब्रासला 4500, सळई किलोला 62, असा माल 74,550 चा होतो. मजुरी सेंट्रिंगसकट 62,000 आणि माल वर चढवायचे 8,000, हे लोक विसरतात न् मग भांडतात. दरवाजा-खिडकी, फरशी, लाईट, पेंट, वॉटरप्रूफिंग मिळून 67,000. एकूण 2,11,550, वर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे 2 लाख 33 हजारांची तयारी ठेव. ठेकेदाराचा आकडा याच्या फार खाली असेल तर सळई न् सिमेंट किती धरलं ते लेखी माग.

एक गोष्ट या हिशोबात नाही, तुझ्या गच्चीवर बाहेर ठेवलेल्या कॉलमच्या सळ्या. त्या गंजून पापुद्रे सुटत असतील तर त्यांना जोडून कॉलम उभा करू नको. इंजिनिअर बोलव, तो खालचे कॉलम किती झेपतील तेही पाहील, आणि परवानगीचा नकाशाही त्याच्याकडूनच होईल. त्या सळ्यांचे जवळून फोटो काढून पाठव, आणि खालचे बीम कुठून कुठे गेले ते हातानं काढून दे, मग मी सळईचा तुकड्या-तुकड्यांचा हिशोब करून देतो.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना दोस्त