दाखल्यावरची ती एक ओळ

संज्या,

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही मी बघितले, पण उचलले नाहीत. आधी हे कबूल करतो, बाकीचं मग. रेंज नव्हती वगैरे काही सांगत नाही. रेंज होती, तोंड नव्हतं.

तब्येत म्हणशील तर आईचे गुडघे तसेच, आप्पांची शुगर थोडी वर, माझं वजन वाढलंय. झालं.

लिहायला बसलोय ते मंगळवारच्या गोष्टीमुळं. घरात कुणाला सांगितली नाही. सुनीताला सांगितली असती तर ती रडली असती, आप्पांना सांगितली असती तर काठी घेऊन यार्डात गेले असते. तुला मात्र कळंल, कारण त्या रात्री बॅटरी तुझ्या हातात होती.

नानानं सांगलीच्या मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं माझ्यासाठी शब्द टाकलेला. हळदीची पोती, मुंबई फेरी, आठवड्याला दोन. शेठ माणूस बरा वाटला, नानाचा शब्द म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. फक्त एवढंच म्हणाला की मालाचा विमा असतो, पार्टीवाले विचारतात, त्यामुळं सगळ्या ड्रायव्हरचा पोलीस दाखला फाईलला लागतो. मी म्हणलं आहे की माझ्याकडं, ऑनलाईन अर्ज करून काढलाय, पिशवीतच आहे. मोठ्या हौसेनं काढून दिला बघ. घरी तो नीट वाचलाच नव्हता मी, शिक्का बघितला आणि घडी घातली. मुनीमानं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. गुन्हा रजिस्टर नंबर, कलम ३०२ सह ३४, आणि पुढं एक शब्द, न्यायप्रविष्ट.

न्यायप्रविष्ट! जानेवारीच्या २१ तारखेला कोर्टानं सोडलं, हा जुलै लागला, आणि कागदावर माझी केस अजून चालूच.

शेठ वाकडं काही बोलला नाही. दाखला एका बोटानं माझ्याकडं सरकवला आणि नानाला सांगतो म्हणाला. पण माझ्या शेजारी बाकावर एक पोरगा बसलेला, दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर असंल, त्यानं आपला जेवणाचा डबा बाकावरनं उचलला आणि मांडीवर घेतला. हळूच, मला दिसू नये असा. संज्या, जेलमध्ये माझ्या अंगाखालची चादर चोरीला गेली होती तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

यार्डातनं चालत विजयनगरला कोर्टात गेलो, वकिलांच्या ज्युनियरला धरलं. पोरगी लहान आहे पण हुशार. तिनं पहिलं मोबाईलवर कोर्टाच्या साईटला सीएनआर नंबर टाकून दाखवलं, तिथं केस निकाली, निर्दोष, तारखेसकट. म्हणजे कोर्टाचं काम झालेलं. पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डला मात्र निकाल चढलेला नाही. ती म्हणाली असं पुष्कळांचं होतं. निकाल लागला की तो आपोआप सगळीकडं पोचतो असं धरून चालू नका, कोर्टातनं निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, अर्जाला जोडून ठाण्यात द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. मग दाखल्याचा अर्ज परत नव्यानं करायचा. मी विचारलं, मग नाव कोरं होईल का? ती थोडा वेळ गप्प बसली. गुन्ह्याचा नंबर जात नाही म्हणाली, पुढचा शेरा तेवढा बदलतो, न्यायप्रविष्टच्या जागी निर्दोष मुक्त आणि तारीख. एका शब्दासाठी एवढी पळापळ, पण त्या शब्दावरच भाकरी आहे.

झेरॉक्स चालत नाही. नकलेच्या खात्यात अर्ज, त्याला स्टॅम्प, पानांप्रमाणे पैसे. माझा निकाल एकेचाळीस पानांचा. गुरुवारी नक्कल हातात आली, शुक्रवारी ठाण्यात दिली. हवालदार नवीन होता, त्यानं आवक नंबर न कुरकुरता घातला, वर म्हणाला साहेबांना सांगून चढवून घेतो. बघू.

आता गावातलं सांगतो, ते याहून अवघड आहे. गावात निम्म्या लोकांना वाटतंय की मी जामिनावर सुटलोय. आणि त्यांचाही काय दोष. झालं असं की निर्दोष सोडलं तरी कोर्ट एक बॉण्ड घेतं, सहा महिन्यांचा, सरकारनं वर अपील केलं तर हजर राहीन म्हणून. त्याला जामीनदार लागतो. तात्याकाका निकालाच्या वेळी सातबारा घेऊन कोर्टात आले, आणि जाताना तलाठ्याकडं सांगून गेले की पोराला जामीन राहायला चाललोय. झालं, तेवढं वाक्य गावात राहिलं. निकालाचा पेढा आईनं घरोघर दिला तो लोकांनी खाल्ला, पण जामीन हाच शब्द तेवढा लक्षात ठेवला. पारावर कोण ना कोण विचारतंयच, पुढची तारीख कधी रं? तारीख नाही हो काका, संपलं सगळं, म्हणलं की ते मान हलवतात, आजारी माणसाला बरा होशील म्हणताना हलवतात तशी.

तूसुद्धा मागं तो मेसेज पाठवलेलास, १ जुलै २०२४ च्या नव्या कायद्यात पहिल्यांदाच आत गेलेल्याला शिक्षेचा तिसरा हिस्सा भरला की सोडतात म्हणून. सुनीतानं मुलाखतीला आल्यावर वाचून दाखवला होता, फार आशेनं. तेव्हा तुला उत्तर दिलं नाही, आज देतो. ज्या कलमाला फाशी किंवा जन्मठेप आहे त्याला ते लागू नाही. चोरीमारीवाल्या दोघांना आमच्या बराकीतनं त्यानं सोडलं, चांगलं झालं, त्यातला एक दहावी नापास पोरगा रडतच गेला. ३०२ वाल्यानं आपली निकालाची वाट बघायची. आणि त्यातही बघ, मला शिक्षा झाली असती तर आत काढलेली चार वर्षं दोन महिने शिक्षेतनं वजा धरले असते. सुटलो, तर ते कशातनं वजा धरायचे? वकिलांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, अशा दिवसांची भरपाई हक्कानं मागता येईल असा कायदा नाही.

आत पक्क्या कैद्यांना काम असतं, थोडी का होईना मजुरी जमा होते. आम्ही कच्चे, आमच्यावर कामाची सक्ती नाही, म्हणून कमाईही नाही, उलट कॅन्टीनसाठी सुनीता मनिऑर्डर करायची. तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसून. तिची बोटं बघ कधी आलास तर, नखांच्या कडा काळ्या पडल्यात, साखर चिकटून चिकटून. मी आलो त्या रात्री तिनं मला हिशोबाची वही दिली, कुणाचे किती देणं आहे ती. तुझं नाव त्यात तीन ठिकाणी आहे. मला माहीत नव्हतं.

ओवी मला तुम्ही म्हणते. आप्पांना तू, आईला तू, धाकट्याला तर नावानं हाक मारते, आणि मला म्हणते, तुम्ही पाणी घेणार का? साडेतीन वर्षांची होती मी गेलो तेव्हा, आता आठची. शाळेत तिला कुणीतरी बोललंय, तिनं सांगितलं नाही पण शाळेच्या वहीवर आधी माझं नाव मधे असायचं ते खोडून नुसतं ओवी ठेवलंय. मी विचारलं नाही. विचारू का रे?

रात्री लाईट बंद केला की मला झोप येत नाही, बराकीत दिवा रात्रभर चालू असतो ना. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाय आपोआप घराकडं वळतात, बंदीची वेळ. परवा सुनीता बाहेरनं कडी लावून दुधाला गेली, चुकून, तर मी दारापाशी उभाच, हाक पण मारली नाही. आली तेव्हा तिला कळलं. आता ती कडीला फडकं बांधून ठेवते.

आप्पांची एक गंमत सांगतो. मुलाखतीला यायचे तेव्हा दर खेपेला जाळीतनं सांगायचे, वसंतदादांनी १९४३ ला ह्याच जेलमधनं उडी मारली, तू मारू नगंस, तुझं गुडघं आईवर गेल्यात. गार्डसुद्धा हसायचा.

बरं, आता मूळ गोष्ट. तुझ्यावर माझा राग होता. दोन वर्षं. साक्षीला आला नाहीस म्हणून. बॅटरी तुझ्या हातात होती, मी तुझ्या मागनं पळत आलो तोवर बांधावर जे व्हायचं ते होऊन गेलेलं, हे तुला पक्कं माहीत, आणि तू पुण्याला नोकरीला गेलास. आत पडल्या पडल्या मी तुला काय काय बोललो असेन ते लिहीत नाही. पण गुरुवारी त्या ज्युनियर पोरीनं निकाल इंग्रजीतनं मराठीत करून वाचून दाखवला, जवळजवळ दोन तास. एकोणतिसाव्या पानावर आपला तो मुख्य साक्षीदार. उलटतपासात त्यानं कबूल केलं की डांब लांब होता, उजेड नव्हता, तोंड दिसलं नाही, आवाजावरनं माझं नाव घेतलं. माझ्याकडनं हत्यार निघालं नाही. कोर्टानं लिहिलंय, सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं, आणि ते झालं नाही. मग मी तिला तुझं विचारलं. ती म्हणाली, ते तुमचे मित्र दोनदा ऑफिसला आलेले, साक्ष देतो म्हणून. सरांनीच नको म्हणून सांगितलं, आपल्याला सिद्ध करायचं नाही, उगीच त्यांनाही तिथं हजर होता म्हणून गोत्यात आणायचं.

दोनदा आलेलास. आणि मला सांगितलं नाहीस. का रे?

तरी शेवटच्या पानावर संशयाचा फायदाच लिहिलंय. मी गुन्हा केलाच नाही असं कुणी लिहीत नाही, ती पोरगी म्हणाली, निकाल असाच लिहितात, कायद्यानं तुम्ही निर्दोषच. कायद्यानं मान्य. बाकावरच्या पोराला ते कोण सांगणार.

लायसन पण संपलेलं, २०२१ ला. वर्षाच्या वर गेलं की गाडी चालवून दाखवावी लागते. मागच्या महिन्यात दाखवली, चढावर थांबवून परत उचलली, एकदाही मागं आली नाही. साहेब म्हणाले हात बसलाय. तेवढा दिवस चांगला गेला.

पोराची दहावी झाली का? वहिनींना नमस्कार सांग, फ्लॅटचा ताबा मिळाला असंल तर फोटो पाठव. वहीतल्या त्या तीन नोंदींचं बोलायचं नाही म्हणशील, पण मी बोलणार.

बॉण्डची मुदत वीस तारखेला संपते. तोवर नवा दाखला येईल असं वाटतंय. आला की शेठकडं परत जाणार आहे, नाना नको म्हणतोय तरी. वीस तारखेचा रविवार धरून ये. बांधाकडं नाही जायचं, विहिरीवर बसू. आता फोन कर, उचलतो.

तुझा,
दिल्या